कापलं ते का कापलं

मंडळी,

रविवारी रात्री आपल्या यूट्यूब चॅनेलवर चढवलेला भाग माझ्या संपादनातला शेवटचा. सहा वर्षांत २८१ भाग झाले. कीर्तनं, प्रवचनं, भजनाच्या बैठका, मधूनच कुणाचं निरूपण. आता थांबतोय. कारण विचारलंत म्हणून सांगतो, भांडण नाही आणि रुसवाही नाही. भजन कानावर आलं की मला आवाजाच्या आधी त्याची आलेखरेघ दिसायला लागली होती. बुवांनी डोळे मिटले की माझ्या मनात यायचं, इथे कॅमेरा बी. ज्यासाठी या कामात आलो तेच ऐकू येईनासं झालं, आणि हे माझं मलाच कळायला दोन वर्षं लागली.

अण्णांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, एका रविवारचं काम आहे. डिस्क द्यायच्या, पासवर्ड द्यायचे, नमस्कार करायचा. प्रत्यक्षात सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत काय काय निघालं ते लिहून ठेवतोय. उद्या आपल्यातला आणखी कुणी थांबला तर त्याला निदान चार रविवार तरी वाचावेत.

पहिल्या रविवारी मी चारही डिस्क घेऊन नव्या संपादिकेच्या घरी गेलो. वयाने ती माझ्याहून बरीच लहान, मला दादा म्हणते, हाताला वेग माझ्या दुप्पट. बसल्या बसल्या तिने अट घातली. ‘दादा, तुम्ही मागच्या खुर्चीत बसायचं. माउसला हात लावायचा नाही. मी अडले तरी सांगायचं नाही, मी विचारेन तेव्हाच बोलायचं.’ मला ते जरा लागलं, पण ऐकलं. सबंध हस्तांतरात याहून उपयोगाची गोष्ट दुसरी झाली नाही.

तिने मुद्दाम जुना, २०२० सालचा एक भाग उघडला. टाइमलाइन आली आणि पाठोपाठ लाल चौकटी आल्या. `Media Offline`, `Media Offline`. सुरुवातीचा समईचा शॉट गायब, चॅनेलचं चिन्ह गायब, शेवटचा तानपुरा गायब. मी मागून ‘अरे, ते आहे ना’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण ते कुठे आहे हे मला आठवलं होतं. माझ्या संगणकाच्या `Downloads` फोल्डरमध्ये. चार वर्षं.

झालं होतं असं. डाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून प्रकल्प बाहेर काढायचे दोन रस्ते आहेत. एकात `.drp` फाइल मिळते. ती म्हणजे फक्त पाककृती: कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत, कुठे जोड, कुठे रंग. चित्र आणि आवाज तिच्यात नसतो, ते अमुक ठिकाणी आहेत एवढाच पत्ता असतो. दुसऱ्या रस्त्याने `.dra` तयार होतं. हा अख्खा फोल्डर असतो आणि प्रकल्पाला जोडलेल्या क्लिपाही त्यात उचलून ठेवल्या जातात. मी सहा वर्षं `.drp` काढत होतो आणि कच्चं चित्रण वेगळं, हाताने डिस्कवर टाकत होतो. कॅमेऱ्यातून आलेलं सगळं नीट जात होतं. जे कॅमेऱ्यातून आलंच नव्हतं, म्हणजे समई, चिन्ह, तानपुरा, ते माझ्याच संगणकावर राहिलं. माझ्याकडे ते नेहमी उघडायचं, म्हणून मला कधी कळलं नाही. आपल्या बॅकअपची परीक्षा आपल्याच संगणकावर घेतली की ती पेपर फोडून दिलेली परीक्षा होते.

तेव्हा मी घरी येऊन एकेक प्रकल्प उघडून `Export Project Archive` करत बसलो. रात्री लावायचो, सकाळी बघायचो. आणखी एक सूचना इथेच देतो. नव्या आवृत्तीतून काढलेला प्रकल्प जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून तिच्याकडे कुठली आवृत्ती आहे हे आधी विचारा आणि स्वतःची त्यापुढे नेऊ नका. मी नेली होती. तिला तिची वाढवावी लागली.

आर्काइव्ह झाले, पुढच्या रविवारी पुन्हा तीच खुर्ची. या वेळी लाल चौकट एकही नाही. मी सुटकेचा श्वास टाकतोय तोवर ती म्हणाली, ‘दादा, हे gfj काय आहे? पासवर्ड आहे का कसला?’

पडद्यावर खाली, जिथे कीर्तनकारांच्या विषयाची पट्टी यायला हवी तिथे इंग्रजी अक्षरं होती आणि त्यांच्या मधोमध `gfj`. तो ‘हरि’ होता.

ज्यांनी कृतिदेवमध्ये टंकन केलंय त्यांना हे लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर असं काही साठवलेलंच नसतं. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. `g` च्या जागी ह काढलेला, `j` च्या जागी र, `f` म्हणजे पहिली वेलांटी. वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून टाइपही आधीच करायची, म्हणजे ह, वेलांटी, र. त्यामुळे `gfj`. फॉन्ट असेल तोवर ‘हरि’ दिसतो, फॉन्ट नसेल तर मुखवटा गळतो. आणि प्रकल्पाच्या आर्काइव्हमध्ये फॉन्ट जात नाहीत. ते संगणकाच्या अंगावर बसवलेले असतात, प्रकल्पाच्या नव्हे.

पहिल्या दीड वर्षातल्या सगळ्या पट्ट्या अशा होत्या. तेव्हा मजकूर ज्यांच्याकडून यायचा ते कृतिदेवमध्येच टाइप करायचे आणि मी जसाच्या तसा चिकटवायचो. सोपा उपाय म्हणजे तोच फॉन्ट तिच्याकडे बसवणं. पण मग तिच्यानंतर जो येईल त्याला पुन्हा `gfj` दिसणार. दुसरा उपाय रूपांतर करून घेण्याचा. तो करून पाहिला. साधे शब्द ठीक आले. रफार आणि वेलांटी एकत्र आली की घोटाळा, कारण कृतिदेवमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो आणि युनिकोडमध्ये र आधी यावा लागतो. दहा ओळींत एक चूक. देवाच्या नावाच्या पट्टीत तीही नको.

शेवटी पाठ तपासणाऱ्या मावशींनी सगळ्या पट्ट्या नव्याने युनिकोडमध्ये टाइप केल्या. हे ऐकायला कारकुनी वाटतं, पण मावशींनी त्यात आणखी एक काम उरकलं. अभंगांच्या ओळींत मी वर्षानुवर्षं ‘शुद्धलेखन’ सुधारत आलो होतो. ‘तूं’ वरचा अनुस्वार काढ, ‘कांहीं’चं ‘काही’ कर. १९६२च्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार आपल्या रोजच्या लेखनातून गेले, ते मला शाळेपासून पाठ. पण तो नियम आपल्या लेखनाला, जुन्या पाठाला नव्हे. छापील गाथेत जसं आहे तसंच पडद्यावर यायला हवं, हे मावशी मला पहिल्या वर्षापासून सांगत होत्या. मी ‘हो मावशी’ म्हणायचो आणि सवयीने काढून टाकायचो. आता सगळे अनुस्वार जागच्या जागी आलेत. मावशी, मनापासून आभार, आणि त्या ‘हो मावशी’ बद्दल माफी.

चढवलेल्या भागांवर मात्र त्या पट्ट्या जुन्याच राहणार. चित्रात भाजलेलं अक्षर यूट्यूबवर बदलता येत नाही, त्याच दुव्यावर नवी फाइल ठेवताच येत नाही. वेगळी उपशीर्षकं, म्हणजे `.srt` फाइल, कधीही बदलता येते. म्हणून एका टप्प्यावर मी सगळा मजकूर `.srt` मध्ये न्यायचा घाट घातला होता. तीन आठवड्यांत अण्णांनी हाणून पाडला. आपल्या श्रोत्यांतल्या निम्म्यांना उपशीर्षकं चालू कशी करायची हे माहीत नाही, आणि टीव्हीवर बघणारे तर त्या वाटेला जातच नाहीत. अण्णांचं बरोबर होतं. तेव्हा ओळी चित्रातच ठेवा, फक्त चढवण्याआधी मावशींची नजर जाऊ द्या. जाऊ द्या म्हणजे खरंच जाऊ द्या.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

चौथ्या रविवारी ती म्हणाली, सराव म्हणून मी जुन्या कच्च्या चित्रणातून साठ सेकंदांच्या उभ्या क्लिपा काढून बघते. चांगलीच कल्पना. मंगळवारी तिने मला पहिली क्लिप पाठवली, चढवण्याआधी बघा म्हणून. नोव्हेंबर २०२२चं एक प्रवचन. वक्ते रंगात आलेले, आवाज लागलेला, समोर पूर्ण शांतता. संसारातल्या अबोल्यावर ते एक उदाहरण देतायत, भावाभावांचं, जमिनीचं, दहा वर्षं न बोललेल्या घराचं. क्लिप म्हणून याहून चांगलं काही सापडलंच नसतं.

आणि ते मी मूळ भागातून कापलेलं होतं. त्या घरातला धाकटा भाऊ त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसला होता. वक्त्यांना ते बोलून गेल्यावर दिसलं. त्याच रात्री त्यांचा मला फोन आला, ‘तेवढं काढाल का? नाव घेतलं नाही, पण त्याला कळलंय, आणि गावालाही कळेल.’ मी काढलं. छेचाळीस सेकंद. वरून श्रोत्यांचा एक शॉट टाकला, जोड दिसतही नाही. कुणाला सांगायचं कारणच नव्हतं.

टाइमलाइनवर त्या जागी काय आहे? काहीच नाही. कापलेला भाग टाइमलाइनवर नसतो, हीच तर कापण्याची व्याख्या. आणि मी तिला काय देत होतो? कच्चं चित्रण. त्यात सगळं आहे. सहा वर्षांत ज्यांनी ज्यांनी मला फोन करून ‘तेवढं काढा’ म्हटलं, ते सगळं चार डिस्कवर शाबूत आहे, आणि ते का काढलं हे फक्त माझ्या डोक्यात. मी स्वच्छ केलेलं घर तिला देत नव्हतो, त्यातला कचऱ्याचा डबा न सांगता हातात देत होतो. बिचारीने त्यातलं सगळ्यात चकचकीत दिसलं ते उचललं.

तिने आधी मला पाठवलं म्हणून वाचलो. ही कुणाची हुशारी नव्हती, तिचा स्वभाव आहे.

मग तीन आठवडे मी फक्त हेच केलं. प्रत्येक प्रकल्प उघडायचा, टाइमलाइनवरच्या क्लिपा आणि कच्चं चित्रण शेजारी ठेवायचं, आणि दहा सेकंदांहून मोठं काही गाळलेलं असेल तिथे थांबून आठवायचं, का?

आधी मी मार्कर मारायला लागलो होतो. `M` दाबायचं, रंग निवडायचा, दोन शब्द लिहायचे. तीस भाग झाल्यावर लक्षात आलं की हे निरुपयोगी आहे. मार्कर प्रकल्पात राहतो, चित्रणाच्या फाइलमध्ये नाही. तिने नवा प्रकल्प उघडून तेच कच्चं चित्रण आत ओढलं की मार्कर नाहीसे, आणि क्लिपा करणारा माणूस नेमकं तेच करतो. इशारा तिथे हवा जिथे हात जातो. म्हणून शेवटी अगदी गावंढळ उपाय केला. कच्च्या फाइलच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाची साधी मजकुराची फाइल.

```
2022-11-20_CAM-A.txt
00:41:12 - 00:41:58  लाल.  घरगुती उदाहरण. ज्याचं, तो समोर होता.
                     वक्त्यांनी स्वतः काढायला सांगितलं.
01:03:20 - 01:04:05  पिवळा. ओवीचा आकडा चुकला आहे. वापरण्याआधी मावशी.
01:17:40 - 01:21:10  मोकळा. लांबी कमी करायला काढलं. चांगलं आहे.
```

वेळ कच्च्या फाइलच्या सुरुवातीपासूनची आहे, भागाची नव्हे. लाल म्हणजे कधीच नाही. पिवळा म्हणजे विचारून. मोकळा म्हणजे मी लांबीसाठी किंवा निव्वळ माझ्या आवडीनिवडीने काढलं, खुशाल वापरा.

लाल ३७ निघाले. त्यांतले बरेचसे असेच, बोलण्याच्या भरात निसटलेले. काही ठिकाणी कॅमेरा कुणाच्या रडण्यावर फार वेळ थांबलाय. ज्याचं कारण मला आठवलंच नाही ते सगळं पिवळ्यात टाकलं, आणि ते थोडंथोडकं नाही. तीन वर्षांपूर्वीचा मी माझ्याशी बोलत नाही, हे त्यात कळलं. मोकळे सगळ्यांत जास्त, शेकड्यांनी. त्यांत काही बघून मला माझीच लाज वाटली. एका बैठकीत एक आजोबा ताल सोडून, पण सबंध जीव ओतून गात होते. मी सव्वातीन मिनिटं उडवली होती, ‘बेताल’ म्हणून. आज उडवली नसती. त्या ओळीपुढे ‘मोकळा, जरूर बघा’ असं लिहून ठेवलंय.

याद्या झाल्या असं वाटत असताना ध्वनीवाल्या काकांशी माझा वाद झाला, तोही सांगायला हवा. माझं म्हणणं, लाल खूण केली म्हणजे झालं, मूळ चित्रण पुसू नये, दस्तऐवज आहे. काकांचं म्हणणं, ‘अरे, त्याने काढा म्हटलं होतं, लपवा म्हटलं नव्हतं. तुझी खूण म्हणजे काय कुलूप आहे? उद्या तिचाही बदली माणूस येईल, तो ती टेक्स्ट फाइल उघडेलच कशावरून?’ दोन दिवस मी ऐकलं नाही. मग ३७ पैकी ज्या चार ठिकाणी माणसाने स्वतः, स्वतःबद्दलचं काढायला सांगितलं होतं, ती चार ठिकाणं कच्च्या चित्रणातूनच काढली. फाइल त्या जागी तोडून दोन तुकडे वेगळे जतन केले आणि मूळ फाइल दोन्ही प्रतींतून पुसली. दोन्ही, हे महत्त्वाचं. पहिल्या डिस्कवरची पुसून मी दुसरीवरची विसरलो होतो, ती काकांनीच विचारली. धाकट्या भावाचे छेचाळीस सेकंद वक्त्यांनी काढायला सांगितले होते, त्याने स्वतः नव्हे. म्हणून अण्णा त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, पुसा. पुसले. म्हणजे चाराचे पाच झाले, आणि वर दिलेल्या नमुन्यातली पहिली ओळ आता ज्या चित्रणाकडे बोट दाखवते ते अस्तित्वात नाही.

काकांचा विषय निघालाच आहे तर आवाजाचं सांगून टाकतो, कारण हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. आपला आवाज कॅमेऱ्याचा नसतो, काकांच्या रेकॉर्डरचा असतो. चार ट्रॅक: बुवा, पेटी, मृदंग आणि सभागृह. सॉफ्टवेअर दोन्ही आवाजांचे आलेख बघून फाइल जुळवून देतं आणि सुरुवातीला सगळं चपखल बसतं. नवा माणूस तिथेच फसतो. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं वेगळी, त्यांच्यात अगदी किंचित फरक असतो. दीड तासाच्या कीर्तनात तो साचत साचत दोन-तीन फ्रेमचा होतो. बोलणाऱ्याच्या ओठांत तो चटकन कळत नाही. टाळात कळतो. टाळकऱ्याचे हात मिटायच्या आधी किंवा नंतर टाळ वाजतो, आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून जुळवणी सुरुवातीला नाही, शेवटच्या गजरात तपासा. सरकलं असेल तर अख्खा आवाज ताणू नका. पूर्वरंग संपून मध्ये भजन येतं तिथे आवाज कापा, पुढचा तुकडा एक-दोन फ्रेम सरकवून पुन्हा जुळवा. तिथल्या टाळ्या आणि कुजबुज यांच्यात तो जोड विरून जातो.

शिवाय रेकॉर्डर दोन जीबी झाले की नवी फाइल सुरू करतो. चार ट्रॅकला ते साधारण एक तास दोन मिनिटांनी होतं. दुसरी फाइल पहिलीला अगदी चिकटवून लावायची, मध्ये एक फ्रेमही मोकळी नको. एकदा मी मोकळी सोडली होती. त्या भागाच्या उत्तरार्धाचा मृदंग ऐकून काकांनी मला फोन केला नाही, फक्त नुसता अंगठा खाली पाठवला. काका, तुमच्या त्या अंगठ्याने मला जेवढं शिकवलं तेवढं कुणी बोलून शिकवलं नाही.

राहिलं खातं. इथे मी थोडक्यात सांगतो, कारण यात हुशारी काही नाही, फक्त दिवस मोजायचे असतात. चॅनेल ब्रँड अकाउंटवर आहे, त्याचा मुख्य मालक आजवर मी होतो. नव्या माणसाला मालक केलं की लगेच मुख्य मालक करता येत नाही, सात दिवस थांबावं लागतं. हे मला सातव्या आठवड्यात कळलं असतं तर आठवा लागला असता, पण नशिबाने पाचव्यात कळलं. आता मुख्य मालक अण्णा आहेत, नवी संपादिका व्यवस्थापक आहे. दोन टप्प्यांची पडताळणी माझ्या मोबाइलवर यायची, ती अण्णांच्या मोबाइलवर नेली. पर्यायी कोड कागदावर छापून अण्णांच्या कपाटात ठेवलेत. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नका.

हे करताना एक गोष्ट थोडक्यात निसटणार होती. एका भजनावर स्वामित्वहक्काचा दावा आला होता. शब्द जुने, संतांचे, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण मंडळाने जी चाल लावली ती कुणीतरी बांधून ध्वनिमुद्रित केलेल्या चालीशी जुळली, असं यंत्राचं म्हणणं. आमच्या मंडळाची चाल त्यांच्या गुरूंकडून आलेली, आणि गाणंही त्यांचंच. त्यांचं तसं लेखी पत्र घेऊन मी हरकत नोंदवली होती. हरकत घेतली की समोरच्याला तीस दिवस असतात. आम्ही मालकी बदलत होतो तेव्हा बारावा दिवस चालू होता. त्यांनी दावा कायम ठेवला असता तर पुढचं पाऊल वेळेत उचलायला हवं होतं, आणि ती सूचना माझ्या मेलवर आली असती, ज्या मेलचा तोवर चॅनेलशी संबंध उरला नसता. म्हणून माझं नाव काढणं पुढे ढकललं. सव्विसाव्या दिवशी दावा मागे घेतला गेला. सत्ताविसाव्या दिवशी मी स्वतःला काढलं.

तेव्हा नव्या संपादिकेला एवढंच सांगणं आहे, भजनी मंडळ आलं की गाणं सुरू व्हायच्या आधी विचार, चाल पारंपरिक आहे की कुणाची बांधलेली? आणि उत्तर कागदावर घे. त्या कोऱ्या कागदांचा नमुना अण्णांकडे आहे. आजवर ते कागद भरून घ्यायचं काम ज्या दोन ताईंनी दारात उभं राहून केलं, त्या एकदाही पडद्यावर दिसल्या नाहीत. त्यांच्यामुळे सहा वर्षांत एकही दावा असा आला नाही की ज्याला आपल्याकडे उत्तर नव्हतं. ताई, तुम्हाला दंडवत.

अण्णा, तुमचे आभार वेगळे मानत नाही, तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही एकदाही ‘भाग कधी येणार’ असं विचारलं नाहीत, हे मात्र लिहून ठेवतो.

डिस्क अशा आहेत. एक आणि दोन नव्या संपादिकेकडे, तीन आणि चार ही त्यांचीच प्रत, अण्णांकडे. दोन्ही एका घरात ठेवू नका. डिस्कवरून डिस्कवर नक्कल केल्यावर आकार सारखा दिसला म्हणून समाधान मानू नका. आकार बरोबर आणि आत फाइल खराब, असं माझं दोनदा झालंय. विंडोजवर दोन्हीकडच्या फाइलवर हे चालवा आणि येणारी लांबलचक अक्षरं जुळवून बघा:

```
certutil -hashfile 2022-11-20_REC-1.wav SHA256
```

दोन्ही प्रतींच्या या ओळी मी काढून प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमध्ये `sha256.txt` म्हणून ठेवल्यात. सहा महिन्यांनी एकदा निदान चार-पाच फाइल तरी त्यांच्याशी ताडून पाहा.

तीन महिने फोन करा, केव्हाही. त्यानंतरही करा, पण मग भजनाबद्दल करा. तीन नंबरच्या डिस्कची केबल ढिली आहे, ती लावताना डावीकडे किंचित दाबून धरावी लागते. नवी आणा म्हणून मी गेलं वर्षभर म्हणतोय, ती आणायची राहिलीय.